प्रभावी गुण म्हणजे बहुसंख्य गुण नव्हे: मण्यांनी दाखवा

पनेट चौकटीत दोन्ही पालक Aa घेतले की प्रभावी आणि अप्रभावी गुणांचे प्रमाण ३:१ येते, आणि त्यावरून प्रभावी गुण समाजातही तिप्पट आढळत असणार असा समज विद्यार्थ्यांच्या मनात पक्का बसतो. हे प्रमाण केवळ त्या एका जोडप्याच्या संभाव्य अपत्यांना लागू आहे, हे चौकट काढून झाल्यावर लगेच मण्यांनी दाखवावे.

एका अपारदर्शक पिशवीत १० लाल (A) आणि ९० पांढरे (a) मणी घ्यावेत. ते एकाच आकाराचे असावेत, नाहीतर बोटांना फरक कळतो आणि निवड यादृच्छिक राहत नाही. न पाहता दोन-दोन मणी काढून ५० जोड्या मांडाव्यात. ज्या जोडीत एक तरी लाल मणी आहे, तिथे प्रभावी गुण दिसतो. अशा जोड्या बहुधा ९ किंवा १० भरतात. दहापेक्षा जास्त तर होऊच शकत नाहीत, कारण लाल मणीच दहा आहेत. उरलेल्या चाळीसहून थोड्या अधिक वा कमीत कमी चाळीस जोड्या अप्रभावी गुणाच्या असतात. सर्व मणी पिशवीत परत टाकून पुढची पिढी काढली, तरी लाल मणी वाढत नाहीत, आणि माझ्या मते पाठाचा गाभा हाच आहे.

आखूड बोटांचा प्रभावी गुण लोकांत का पसरत नाही, हा प्रश्न खुद्द पनेट यांच्यासमोर आला होता; त्यांनी तो गणितज्ञ हार्डी यांच्याकडे नेला आणि हार्डींनी १९०८ साली उत्तर प्रसिद्ध केले.