फोटोवरून स्वतःचं कार्टून: तिसरी-चौथीच्या वर्गासाठी

फोटो टाकला की कार्टून करून देणाऱ्या वेबसाइट पुष्कळ आहेत. शाळेत त्या वापरू नका. मुलाचा चेहरा तिथल्या सर्व्हरवर जातो आणि मूल काहीच काढत नाही. त्यापेक्षा क्रिटा हे चित्र काढायचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. एकदा इन्स्टॉल केलं की त्याला इंटरनेट लागत नाही आणि फोटो वर्गातल्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही.

फोटो काढण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. परवानगी नसेल तर ते मूल आरशात बघून काढेल, बाकीच्या पायऱ्या त्याच. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची सोय आधी बंद करा, नाहीतर फोटोच्या फाइलमध्ये शाळेचं ठिकाण नोंदलं जातं. मुलाला खिडकीकडे तोंड करून फिक्या भिंतीसमोर बसवा. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. उभ्याने वरून काढला की कपाळ मोठं आणि हनुवटी बारीक येते. फोटो मानेपर्यंतच हवा, गणवेशावरचा बिल्ला दिसता कामा नये.

क्रिटात फोटो उघडल्यावर पहिलं काम म्हणजे `File > Save As` मधून `.kra` फाइल करणं. हे राहिलं आणि मुलाने `Ctrl+S` दाबलं, तर रेघा मूळ फोटोवरच चिकटतात आणि पुन्हा सुट्या होत नाहीत. मग `Image > Scale Image To New Size` मधून उंची 1200 पिक्सेल करा, म्हणजे जुने कॉम्प्युटर अडकत नाहीत. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच. सगळ्यात खाली पांढरा लेयर, त्यावर फोटो, त्यावर रंगाचा, मग रेघांचा आणि सर्वांत वर डोळ्यांचा लेयर. फोटोची `Opacity` 40 टक्के करा. ब्रश 8 पिक्सेलचा पुरतो. माउसने रेघ थरथरत असेल तर ब्रशच्या `Tool Options` मध्ये `Brush Smoothing` ला `Weighted` निवडा.

समजा चष्मा आणि दोन वेण्या असलेली मुलगी आहे. तिला दहा-बारा रेघांतच चेहरा बसवायला सांगा: चेहऱ्याची कड, केसांची कड, भांग, वेण्या, भुवया, चष्मा, नाकाचा एक छोटा वळसा, ओठ. मुलं फोटोतली प्रत्येक छटा गिरवू पाहतात. नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतची घडी गिरवली की आठ वर्षांची मुलगी आजीबाई दिसते आणि प्रत्येक दात सुटा काढला की चेहरा भेसूर होतो. दातांची एकच पांढरी पट्टी ठेवा. डोळे वेगळ्या लेयरवर असल्यामुळे `Ctrl+T` ने ते दीडपट करता येतात. कार्टूनपण खरं तिथे येतं.

रंग भरताना सगळ्यात जास्त गडबड होते. मुलं सवयीने गुलाबीसर 'स्किन कलर' घेतात, मग चेहरा कोणाचाच दिसत नाही. फोटोतल्या गालावर `Ctrl` धरून क्लिक केलं की त्या मुलीचा स्वतःचा रंग मिळतो. पण त्याआधी `Opacity` परत 100 टक्के करा. 40 टक्क्यांवर खालचा पांढरा मिसळतो आणि सावळी मुलगी फिकट होते. सावळा रंग जसा आहे तसाच कागदावर उतरावा, याकडे शिक्षकाने जरूर लक्ष द्यावं. रंग उचलल्यावर फोटोच्या लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून तो लपवा, रंगाचा लेयर निवडा आणि फिल टूलमध्ये `All Layers` ठेवा. फोटो दिसत राहिला तर रंग त्याच्या छटांना अडून तुकड्यातुकड्यांत भरतो. एका क्लिकमध्ये सगळा कागद रंगला, तर रेघेत कुठेतरी फट आहे. बहुतेक वेळा ती हनुवटीखाली किंवा वेणी कानाला लागते तिथे सापडते.

शेवटी फोटोचा लेयर नुसता लपवू नका, डिलीट करा. `File > Export` ने `.png` काढा. मेटाडेटा, म्हणजे फाइलमधली लपलेली माहिती, साठवण्याची खूण दिसली तर काढून टाका. द्यायची फाइल फक्त हीच. लपवलेला फोटो `.kra` मध्ये तसाच असतो, शिवाय क्रिटा आधीची प्रत शेवटी `~` लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतं. त्यामुळे `.kra`, ती प्रत आणि मूळ फोटो, मोबाइलमधलासुद्धा, वर्ग संपताच पुसा आणि रिसायकल बिन रिकामा करा.

कार्टून झालं म्हणून ओळख लपली असं मानू नका. चष्मा, वेण्या, नाव आणि शाळा एकत्र आलं की गावात कोणीही ओळखतं. म्हणून फाइलला नाव किंवा हजेरी क्रमांक न देता चिठ्ठीने काढलेला आकडा द्या. यादी शिक्षकाकडे राहू द्या. चित्रं वर्गाच्या भिंतीवर लावा किंवा पालकांना एकेकाचं छापून द्या. शाळेच्या सार्वजनिक पानावर टाकायची असतील तर त्यासाठी पालकांची वेगळी परवानगी घ्या. मित्राचं कार्टून काढायचं तर त्याला आधी विचारायचं, आणि तो 'पुसून टाक' म्हणाला तर लगेच पुसायचं, हा नियम मुलांकडून पहिल्याच तासाला म्हणवून घ्या.