पहिल्या डेटवर ‘स्वतःबद्दल सांग ना’ म्हटल्यावर काय बोलावं?

कॉफी येते, ट्रॅफिकबद्दल बोलून होतं आणि समोरून प्रश्न येतो, ‘सांग ना स्वतःबद्दल.’ लग्नाचा बायोडेटा पाहत वाढलेल्या आपल्या तोंडून मग त्याच क्रमाने उत्तर बाहेर पडतं: मूळ गाव, शिक्षण, नोकरी, भावंडं, शेवटी छंद म्हणून वाचन आणि ट्रेकिंग. यातलं बरंचसं प्रोफाइलवर वाचून झालेलं असतं. शिवाय त्यावर ‘अच्छा’ म्हणण्यापलीकडे समोरच्याला काही सुचत नाही.

म्हणून घरून निघण्याआधी दोनच गोष्टी शोधून ठेवा. पहिली, तुमचं काम. पदाचं नाव बाजूला ठेवा आणि दिवसभर हाताने, डोळ्यांनी नेमकं काय करता ते सांगा. दुसरी, गेल्या महिनाभरात तुमच्या मनात घोळत असलेली आणि अजून पूर्ण न झालेली एखादी गोष्ट. पूर्ण झालेल्या गोष्टी कर्तबगारीच्या यादीसारख्या वाटतात. अर्धवट गोष्टीबद्दल मात्र ‘मग पुढे?’ असं सहज विचारता येतं.

समजा, साताऱ्याची एक मुलगी पुण्यात विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. बीकॉम, एमबीए, आधीची कंपनी असं सांगत बसण्याऐवजी ती म्हणू शकते: ‘मी दिवसभर अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो बघते आणि नुकसानभरपाई किती द्यायची ते ठरवते. आता रस्त्यात कुठल्याही गाडीला पोचा दिसला की तो कसा आला असेल, तेच डोक्यात येतं. आणि हो, तिसाव्या वर्षी पोहायला शिकतेय. खोल बाजूला जायची अजून भीती वाटते. तुला येतं पोहायला?’

एवढं बोलायला अर्धा मिनिटही लागत नाही. यात फुशारकी नाही, उलट भीतीची कबुली आहे, आणि ती ऐकून समोरचाही मोकळा होतो. शेवटचा प्रश्न आपल्याच बोलण्यातून आलाय, हेही बघा. ‘आणि तू?’ एवढंच विचारलंत तर बायोडेटा वाचायची पाळी त्याच्यावर येते.

वाक्यं मात्र पाठ करू नका. पाठांतर आवाजात लगेच कळतं. विषय तेवढे लक्षात ठेवा. समोरच्याने पोच्याबद्दल काही विचारलं, तर पोहणं बाजूला राहू द्या आणि पोच्याबद्दलच बोला.

बोलणं लांबतंय हे ओळखायची माझी खूण म्हणजे ‘आणि मग’. तिसऱ्यांदा तोंडात आलं की वाक्य अर्धं सोडलं तरी चालतं. ‘हे लांबलं, तू सांग, तुझा आजचा दिवस कसा गेला?’ असं सरळ म्हणावं. नुसताच हुंकार आला तर गडबडून आणखी माहिती ओतू नका. कपातला एक घोट घ्या, थोडं थांबा. बरेच जण विचार करून बोलतात.

आणि त्याने खरंच गावाबद्दल, घरच्यांबद्दल विचारलं, तर खुशाल सांगा. तेव्हा ते त्याला ऐकायचंच असतं.