कविता वाचून झाली की भाव लगेच विचारू नका

‘कवितेचा भाव कोणता?’ असं थेट विचारलं की सहावी-सातवीची मुलं ‘दुःखी’ किंवा ‘आनंदी’ म्हणून मोकळी होतात. म्हणून दुसऱ्या प्रकट वाचनाच्या वेळी हातात पेन्सिल द्या. जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला जाणवतं, तेवढ्याच शब्दांखाली रेघ. समजा ओळ आहे, ‘ओसरीवर एकटा कंदील थरथरतो’. आता ‘थरथरतो’च्या जागी ‘झुलतो’ घालून ती पुन्हा मोठ्याने वाचायला लावा. काय बदललं? भीती गेली, हे मुलंच सांगतात. मग ‘एकटा’ काढून बघा. भावाचं नाव यानंतरच, तेही ‘कारण’ जोडून. उत्तरात कवितेतला एकही शब्द नसेल, तर तो अंदाज समजा आणि मुलाला पुन्हा ओळीकडे वळवा.