अँटी-सर्ज लूप: ट्रेंड गुळगुळीत करण्याची चूक टाळा

सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरचा फ्लो फार कमी झाला की डिस्चार्जच्या बाजूचा दाब पेलणे इम्पेलरला जमत नाही आणि गॅस क्षणभर उलटा फिरतो. हाच सर्ज. परफॉर्मन्स मॅपवर हे जिथे सुरू होते ते बिंदू जोडले की सर्ज लाइन मिळते. तिच्या उजवीकडे काही अंतर सोडून, बहुधा 10 टक्क्यांच्या आसपास, कंट्रोल लाइन आखतात. त्या लाइनवर आल्यावर रीसायकल व्हॉल्व्ह उघडून फ्लो वाढवायचा असतो.

गॅस उलटा फिरायला काही शतांश सेकंद पुरतात. त्यानंतर कितीही चपळ व्हॉल्व्ह हलवला तरी पहिला धक्का चुकत नाही. म्हणून सगळे काम त्या 10 टक्क्यांतच उरकायला हवे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अगदी साधी आहे. सक्शनच्या फ्लोचे सिग्नल खडबडीत दिसते म्हणून कोणीतरी ट्रान्समीटरचे डॅम्पिंग 1 सेकंद करून ठेवतो. ट्रेंड सुंदर दिसतो, पण कंट्रोलरला एक सेकंद जुना फ्लो दिसू लागतो.

हिशोब करून पाहू. पुढचा व्हॉल्व्ह बंद होत गेला आणि फ्लो दर सेकंदाला सर्ज फ्लोच्या 5 टक्क्यांनी घसरू लागला, तर कंट्रोल लाइन ओलांडल्यापासून सर्जपर्यंत 2 सेकंद मिळतात. डॅम्पिंगने 1 सेकंद खाल्ला. लूप साध्या डीसीएसमध्ये अर्ध्या सेकंदाच्या स्कॅनवर असेल, तर वाईट वेळी तेवढा उशीर आणखी. व्हॉल्व्ह जागचा हलायलाच अर्धा सेकंद घेत असेल, तर तो सुटेपर्यंत सर्ज दारात उभा. डॅम्पिंग 0.1, स्कॅन 0.05 आणि व्हॉल्व्हची सुस्ती 0.2 सेकंदावर आणली, तर एकूण उशीर 0.35 सेकंद. दीड सेकंदाहून जास्त वेळ हातात उरतो.

मात्र आकडे कागदावर बघून समाधान मानू नका. कम्युनिकेटर लावून ट्रान्समीटरमधले डॅम्पिंग प्रत्यक्ष वाचा. मशीन बंद असताना व्हॉल्व्हला एकदम उघडण्याची आज्ञा देऊन आज्ञा आणि पोझिशन दोन्ही वेगवान रेकॉर्डरवर घ्या. पूर्ण उघडायला दोन सेकंदांहून जास्त लागत असतील, तर बूस्टर, एअर ट्यूबचा व्यास आणि पोझिशनर तपासा. बंद होताना तो सावकाश असलेलाच बरा, नाहीतर उघडझाप सुरू होते.

सर्ज झाला की नाही, हे मिनिटाच्या सरासरीच्या ट्रेंडवरून ठरवू नका. सर्जचा एक फेरा एक-दोन सेकंदांत संपतो, त्या सरासरीत तो पूर्ण बुडून जातो. फ्लो आणि डिस्चार्ज प्रेशर एकाच लयीत वरखाली होणे, सक्शनचे तापमान चढणे आणि रोटरची अक्षीय हालचाल वाढणे, ही खरी लक्षणे.

सर्जनंतर घाबरून मार्जिन 25 टक्क्यांवर नेणे हीसुद्धा चूकच. व्हॉल्व्ह कायम अर्धवट उघडा राहतो, दाबलेला गॅस फुकट फिरतो आणि मूळचा उशीर तसाच झाकलेला राहतो. गॅसचे मॉलिक्युलर वेट बदलले असेल, तर मात्र सर्ज लाइनच सरकलेली असू शकते. तिथे मॅप पुन्हा तपासावा.

आणि ट्रिप झाल्यावर या कंट्रोलरवर विसंबू नका. तिथे सोलेनॉइडने व्हॉल्व्हमधली हवा थेट सोडून तो उघडला पाहिजे.