निरोपाच्या जेवणाचा मेसेज टाकण्याआधी

सगळ्यात आधी तारीख, आणि तीही जाणाऱ्या माणसाला विचारून. शेवटच्या दिवशी त्याची लॅपटॉप जमा करण्यापासून सह्या घेण्यापर्यंत धावपळ असते, म्हणून दोन-तीन दिवस आधीचा दिवस बरा. ‘कुणाला कधी जमेल?’ असं ग्रुपवर विचारलंत की बारा जणांची बारा उत्तरं येतात. त्यापेक्षा दोनच तारखांचा पोल टाका.

पैशांची गोष्ट मात्र त्याला वगळून केलेल्या वेगळ्या ग्रुपवर. टीम 12 जणांची असेल तर ताटं 12, पण पैसे देणारे 11. नेमका हाच हिशोब चुकतो आणि शेवटी गोळा करणाऱ्याच्या खिशाला चाट बसते. जेवण आणि भेटवस्तू यांचे आकडे वेगळे लिहा. म्हणजे ज्याला यायला जमत नाही, तो फक्त भेटीचे पैसे देऊन मोकळा होतो.

मेसेज असा: ‘जेवण गुरुवारी दुपारी 1 वाजता, नक्की. जेवणाचे इतके, भेटीचे इतके. पैसे मंगळवार संध्याकाळपर्यंत माझ्याकडे. येणार असाल तर 👍, नसाल तर 👎.’ मुदत मंगळवारची, कारण बुधवारी टेबलासाठी माणसांचा आकडा कळवायचा असतो.

हा मेसेज लगेच पिन करा, नाहीतर अभिनंदनाच्या स्टिकरांखाली गडप होतो. कुणी दिले नाहीत त्यांची यादी ग्रुपवर लावू नका. ज्याचे राहिलेत त्याला एकट्याला मेसेज करा. बहुतेक वेळा तो नुसता विसरलेला असतो.