कायद्याची पुस्तकं स्वस्तात मिळवताना या चुका टाळा

"कलम १०३ काढा. मुग्धा, वाच," सर म्हणाले. मुग्धाने पान उघडून वाचायला घेतलं. मालमत्तेचं रक्षण करताना समोरच्याचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क कधी मिळतो, असं काहीतरी होतं. दोन ओळी झाल्या आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. बाकी सगळ्यांच्या पुस्तकात १०३ म्हणजे खुनाची शिक्षा होती.

मुग्धा माझी भाची. राहायला साखळीला, कॉलेज पणजीला, रोज कदंबाच्या बसने येणं-जाणं. २०२४ च्या पावसाळ्यात तिने एलएलबीला प्रवेश घेतला आणि संध्याकाळी थेट माझ्या ऑफिसात येऊन बसली. मी वकिली करतो, त्यामुळे पुस्तकं माझ्या कपाटात असणारच असा तिचा समज. होती, पण तिच्या कामाची एकही नव्हती. वर्षाला पाच पुस्तकं लागणार होती: करार ९५० रुपये, संविधान ११००, कौटुंबिक कायदा ६५०, फौजदारी ७८०, अपकृत्य आणि ग्राहक कायदा मिळून ५२०. बरोबर चार हजार. दुकानदार दहा टक्के सोडत होता, तरी ३६०० राहिलेच. तिच्या आईने हातावर अडीच हजार ठेवले होते.

तिने पुढे जे केलं ते दरवर्षी शंभर मुलं करतात. म्हणून तिच्या चुका तिच्याच परवानगीने सांगतो.

सेट घेतला, आत काय ते पाहिलं नाही

म्हापशाची एक सीनियर पुस्तकं काढत होती. चार पुस्तकांचा सेट १२०० ला, संविधान सोडून. नवी घेतली असती तर हीच चार २९०० ची. मुग्धाने शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत बसस्टँडवर पिशवी घेतली, पैसे दिले आणि खुशीत घरी आली. पुस्तकं स्वच्छ होती, कव्हर घातलेली. फौजदारीचं तर २०२२ चं, म्हणजे दोनच वर्षांचं.

चूक इथेच झाली. तिने पुस्तकाचं वय पाहिलं, कायद्याचं पाहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आधीची ५११ कलमं होती, आताची ३५८ आहेत, आणि क्रमांक सगळे हलले. खुनाची शिक्षा ३०२ ची १०३ झाली. फसवणुकीचं ४२० ज्याच्या त्याच्या तोंडात आहे, ते ३१८ मध्ये गेलं. मुग्धाने वर्गात वाचलेलं जुनं १०३ नव्यात ४१ वर आहे. सीनियरने २०२३-२४ मध्ये जे पुस्तक वापरून परीक्षा दिली, ते तिचा निकाल लागेपर्यंत परीक्षेपुरतं बाद झालं होतं. तिने ते सेटमध्ये घातलं यात लबाडी होती असं मी म्हणणार नाही. तिलाही फक्त वर्षच दिसत असणार.

"मामा, कलमांचा तक्ता चिकटवून भागणार नाही? जुना नंबर, नवा नंबर?" मुग्धाने विचारलं. थोडंफार भागतं. खुनाची व्याख्या जवळजवळ तशीच आहे आणि त्याखालचे जुने निवाडे आजही शिकवले जातात. पण संघटित गुन्हेगारी, हिसकावून चोरी, जमावाने मिळून केलेला खून, शिक्षा म्हणून समाजसेवा, यांतलं काही जुन्या पुस्तकात सापडणारच नाही. आणि राजद्रोहाचं १२४अ अख्खं प्रकरण म्हणून पाठ केलंत, तर ते त्या नावाने आता कायद्यात नाही. फौजदारीचं पुस्तक तिला नवं घ्यावं लागलं, ७०२ रुपयांना. सीनियरला फोन केला तेव्हा तिने कुरकुरत दोनशे परत केले.

गंमत म्हणजे सेटमधलं सगळ्यात जुनं पुस्तक, २०१७ चं अपकृत्याचं, चांगलं निघालं. अपकृत्य हा मुख्यतः निवाड्यांतून घडलेला कायदा, तो एका रात्रीत बदलत नाही. मागची ग्राहक संरक्षणाची प्रकरणं मात्र १९८६ च्या कायद्याची होती, आणि २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला. हे ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तकात जिल्हा 'मंच' असेल तर जुनं, जिल्हा 'आयोग' असेल तर नवं. एवढ्यासाठी नवं पुस्तक घ्यायची गरज नव्हती. नवा कायदा, सगळी १०७ कलमं, सरकारच्या indiacode.nic.in वर फुकट आहे. तो तिने मोबाइलवर उतरवला आणि त्या प्रकरणांच्या कडेला पेन्सिलीने 'इथून पुढे मोबाइल' असं लिहिलं.

कराराचं पुस्तकही असंच पाहून घ्यावं. भारतीय करार कायदा १८७२ चा, दहा वर्षांपूर्वीची आवृत्तीही त्यात दगा देत नाही. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी विनिर्दिष्ट अनुतोष कायदा जोडलेला असतो, आणि तो २०१८ मध्ये बराच बदलला. कलम १० उघडायचं. करार पाळायला लावणं हे न्यायालयाच्या मर्जीवर सोडलेलं दिसलं तर ते जुनं. मुग्धाची प्रत २०२१ ची होती, निभावली.

'नवं' छापलं म्हणजे नवं असं नाही

पुस्तकाच्या पहिल्या एक-दोन पानांमागे बारीक अक्षरात आवृत्तींची यादी असते. तिथे आवृत्तीचं वर्ष वेगळं आणि पुनर्मुद्रणाचं वेगळं. २०१६ ची आवृत्ती २०२३ मध्ये पुन्हा छापली तर मजकूर २०१६ चाच राहतो, आणि विकणारा सरळ '२०२३ चं आहे' म्हणून फोटो पाठवतो. म्हणून मुखपृष्ठाचा नाही, त्या पानाचा फोटो मागवायचा. संविधानाच्या पुस्तकात मी आणखी एक पाहतो: अनुच्छेद १५ मध्ये खंड ६, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं आरक्षण, आहे का? ती घटनादुरुस्ती २०१९ ची. नसेल तर पुस्तक त्याआधीचं.

पानंही मोजायची. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं, त्यामुळे गोंधळ झाला तर एक पान जात नाही, अख्खा फर्मा जातो. मी कॉलेजात असताना एका दुकानातून अर्ध्या किमतीत पुस्तक घेतलं. ४८१ ते ४९६ ही पानं दोनदा होती आणि ४९७ ते ५१२ नव्हतीच. परीक्षेच्या आदल्या रात्री कळलं. तेव्हापासून अंगठ्याने कोपरे सोडत पानांचे आकडे बघायची सवय लागली, त्याला दोन मिनिटं पुरतात. कागद फार पातळ, मागची छपाई पुढे दिसणारी आणि अक्षरं कडेला तिरकी असतील, तर ती बहुधा चोरटी छपाई असते. ती कितीही स्वस्त मिळाली तरी पुढच्या वर्षी कोणी विकत घेत नाही.

भाड्याचा हिशेब अर्धाच केला

संविधानाचं पुस्तक मुग्धाने ऑनलाइन भाड्याने घेतलं. चार महिन्यांचं भाडं ३३०, नव्याची किंमत ११००. तिच्या मते ७७० वाचले. मी कागद पुढे ओढला, पण तोवर पुस्तक साखळीला पोचलं होतं.

झालं असं. अनामत म्हणून पूर्ण ११०० आधी भरावे लागले. परीक्षा तीन आठवडे पुढे गेली आणि पुस्तकाची मुदत परीक्षेच्या आधीच संपली. उशिराचा दंड दिवसाला पाच रुपये, एकवीस दिवसांचे १०५. पिवळ्या हायलाइटरने रंगवलेल्या पानांसाठी १५० कापले. परत न्यायला कुरिअरवाला तिच्या वाड्यावर येईना, म्हणून पणजीहून स्वतः पाठवलं, ११० रुपये. एकूण ६९५ गेले आणि कपाटात पुस्तक नाही. नवंच ९९० ला घेऊन वर्षाने ५०० ला विकलं असतं तर खर्च ४९० झाला असता. जुनं ५५० ला मिळत होतं, ते ४०० ला जातं. म्हणजे दीडशेत वर्ष निघालं असतं. तुलना करायची ती किमतीची नाही. घेताना दिलेले पैसे उणे विकताना आलेले, हा खरा आकडा.

मग भाडं कधीच नको? असंही नाही. पुस्तक भाड्याने घेतलं की कायदा बदलायचा धोका दुकानदाराकडे राहतो. २०२३ च्या डिसेंबरात संसदेने तिन्ही नवे फौजदारी कायदे मंजूर केले. त्यानंतर ज्याला जुनं पुस्तक एका सत्रापुरतं लागणार होतं, त्याच्यासाठी भाडं हाच शहाणा व्यवहार होता, कारण विकत घेतलेलं पुढे खपणार नव्हतं. मोठा बदल जाहीर झालाय पण लागू व्हायचाय, असा काळ असेल तर भाड्याने घ्या. घेताना मुदत परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा महिनाभर पुढची ठेवा आणि खुणा पेन्सिलीने करा.

झेरॉक्स आणि बुक बँक

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स हा मुलांचा आवडता तोडगा. नऊशे पानं, एका कागदावर दोन बसवली तरी साडेचारशे प्रती. दीड रुपयाने ६७५, बाइंडिंगचे ८०. जुनी प्रत त्याहून स्वस्त पडते आणि नंतर विकताही येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अभ्यासक्रमातल्या निवडक उताऱ्यांच्या प्रतींना मोकळीक दिली, तो निकाल पुस्तकंच्या पुस्तकं छापायची परवानगी म्हणून मुलं सांगतात. तसा तो नाही.

कॉलेजात बुक बँक असेल तर प्रवेशाच्याच दिवशी ग्रंथपालांना विचारा. मुग्धा दहा दिवसांनी गेली, तोवर सेट संपले होते. जाड टीका-ग्रंथ विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. पणजीत पाट्टोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, कदंबाच्या स्टँडवरून चालत जाता येतं. बस चुकली की मुग्धा तिथेच बसायची.

पुढच्या वर्षीच्या जुलैत तिने पुस्तकं विकायला काढली. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने आवृत्तीचं वर्ष आणि 'यात काय नाही' ते लिहिलं. न्याय संहितेचं ४५० ला गेलं, कराराचं दोन तासांत. जुनं दंड संहितेचं तिने कोणाला दिलं नाही. "रद्दीत घालू?" म्हणाली. मी म्हटलं, "बाय, ते माझ्या टेबलावर ठेव." १ जुलै २०२४ च्या आधीचे गुन्हे अजूनही त्याच संहितेखाली चालतात, आणि माझ्या कपाटात तसल्या फायली पुष्कळ आहेत.