‘साहेब माझ्याशी बोलत नाहीत’ ही तक्रार कशी लिहावी

शिवी दिली तर ऐकणारे चारजण असतात. बोलणंच टाकलं तर एचआरला दाखवणार काय? ‘मला मुद्दाम डावलतात’ असं लिहिलं की उत्तर ठरलेलं: कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल. एखाद्या वेळी खरंच तसं असतंही.

म्हणून आधी मोजा. कामाच्या ठिकाणच्या छळाचे जुने अभ्यासक हाइन्झ लेमन यांची फूटपट्टी कडक होती: आठवड्यातून निदान एकदा आणि किमान सहा महिने. तेवढं थांबायची गरज नाही, पण एकाच प्रसंगावर तक्रार उभी राहत नाही.

प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख, वेळ, काय घडलं, कोण हजर होतं, कामाचं काय नुकसान झालं. विशेषणं गाळा. माझ्या मैत्रिणीने आधी लिहिलं होतं, ‘मला नेहमी अंधारात ठेवतात.’ तेच नंतर असं झालं:

‘सोमवार, सायं. 5.40. काम 20 ऐवजी 12 तारखेला द्यायचं, असा मेल टीममधल्या पाचजणांना गेला. माझं नाव नव्हतं. गुरुवारी क्लायंटच्या फोनवर कळलं. तपासणीचे दोन दिवस वाया गेले. उशिराबद्दल विचारणा मला झाली.’

इथे ‘मुद्दाम’ हा शब्द कुठेच नाही. अशा चार नोंदी एकाखाली एक आल्या की वाचणाराच तो मनात म्हणतो.

अबोल्याची नोंद सर्वांत अवघड, कारण न घडलेली गोष्ट दाखवायची असते. तिथे तुलना लागते: ‘माझे तीन मेल नऊ दिवस अनुत्तरित, त्याच काळात त्याच कामाबद्दल दोन सहकाऱ्यांना त्याच दिवशी उत्तर.’ साहेब सगळ्यांशीच तुटक वागत असतील, तर ही तुलनाच जमणार नाही. मग तो स्वभाव समजा.

श्रेय लाटलं असेल तर सामायिक फाइलचा आवृत्ती-इतिहास बघा. कुणी कधी काय लिहिलं ते त्यात दिसतं. पुढच्या खेपेला सादरीकरणाआधीच टीमला मेल टाका: ‘मी तयार केलेला मसुदा सोबत जोडला आहे.’

ऑफिसचे मेल खासगी पत्त्यावर पाठवू नका, गोपनीयता मोडल्याचा ठपका उलट तुमच्यावर येईल. विषय, तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव टिपलं तरी पुरतं.

आपल्याकडे अशा छळासाठी वेगळा कायदा नाही. 2013 चा कायदा लैंगिक छळापुरता आहे. मात्र तशा मागणीला नकार दिल्यावर अबोला सुरू झाला असेल, तर त्याच कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जा. एरवी कंपनीच्या आचारसंहितेतलं कलम शोधा आणि तक्रारीत त्याचा क्रमांक घाला.

तक्रार एका पानाची ठेवा: ठळक तीन प्रसंग, बाकी नोंदी जोडून. शेवटी नेमकं मागणं: ‘प्रकल्पाचे सर्व मेल मलाही यावेत.’